धागा: स्लो मोशनमध्ये दोष दिसला, पण तो आमच्याच जुन्या व्हिडिओमुळे आला असावा. मुलांना आता काय सांगायचं?

गंगापूररोड_एंड
मंडळी, इथल्या काहींना ठाऊक आहे की मी आणि माझा मित्र मिळून लहान मुलांच्या बॉलिंगसाठी एक छोटा चॅनेल चालवतो. सकाळी नेटमध्ये शूटिंग होतं. मुलाचा एक बॉल साध्या वेगात दाखवायचा, मग तोच सावकाश, आणि त्यानंतर त्यावरचं ड्रिल एकेक पायरी सोडवून सांगायचं. बघणारे फार नाहीत, पण जे बघतात ते मुलाला शेजारी बसवून बघतात, एवढं मला कॉमेंटवरून कळतं.

आता अडचण सांगतो. आमच्या नेटमध्ये १४ वर्षांचा एक मुलगा येतो. उजव्या हाताचा, उंच, अंगात चांगला वेग. गेल्या आठवड्यात शेजारच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावरून त्याची बॉलिंग टिपली, कारण वरून खांदे नीट दिसतात. वरून बघताना बॅट्समन घड्याळातल्या १२ वर उभा आहे असं धरा. मागचा पाय पडला तेव्हा त्याचा डावा खांदा १० वर होता. म्हणजे छाती बरीचशी बॅट्समनकडे आणि पायाचा अंगठाही तिकडेच. पुढचा पाय पडेपर्यंत मात्र तोच खांदा वळून ११.३० वर गेला. तासाचे ३० अंश धरले तर ४५ अंशांचा पीळ झाला, आणि तोही पाव सेकंदाच्या आत. पाय आणि कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे. यालाच मिक्स्ड अ‍ॅक्शन म्हणतात.

मी त्याला विचारलं, खांदा असा का वळवतोस? तो म्हणाला, "सर, तुमच्या व्हिडिओत होतं ना, खांदा दाखव."

दोन वर्षांपूर्वी आम्ही तसा व्हिडिओ केला होता हे खरं आहे. चॅनेलवर सगळ्यात जास्त तोच बघितला गेलाय. त्यात म्हटलंय की डावा खांदा बॅट्समनला दाखवा, फाइन लेगकडे बघत हात वर न्या. साइड-ऑन पाय टाकणाऱ्या मुलासाठी ते बरोबरच आहे. हा मुलगा तसा पाय टाकत नाही, आणि पायाबद्दल आम्ही व्हिडिओत चकार शब्द काढलेला नाही.

आता याच्यावर दुरुस्तीचं ड्रिल दाखवणारा व्हिडिओ करावा असं मनात आहे. तो कसा करावा? आणि जुना काढून टाकावा का?

सातपूरचा_अंपायर
अ‍ॅक्शनची तक्रार आली की पहिल्यांदा कोपर बघायचं. १५ अंशांच्या वर कोपर सरळ होत असेल तर चेंडू अवैध. व्हिडिओमध्ये कोपर मोजून दाखवा, मुलांना नियमही कळेल.

गंगापूररोड_एंड
सातपूरचा_अंपायर, कोपराचा प्रश्नच नाहीये. त्याचा हात सरळ आहे. मी खांदे आणि कंबर यांच्यातल्या पिळाबद्दल विचारतोय.

सातपूरचा_अंपायर
अच्छा, माझा गैरसमज झाला. अंश वाचले आणि फेकीचंच प्रकरण वाटलं.

फ्रेममोजे
मी लग्नाचे आणि जाहिरातींचे व्हिडिओ करतो, क्रिकेट फक्त बघण्यापुरतं. चित्रीकरणाबद्दल दोन गोष्टी सांगतो.

साधा मोबाइल व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेम घेतो. तुम्ही म्हणताय की सगळं पाव सेकंदाच्या आत होतं. म्हणजे मागच्या पायापासून पुढच्या पायापर्यंत जेमतेम सहा-सात फ्रेम हाती येतात, आणि पाय टेकल्याचा नेमका क्षण बहुतेक वेळा दोन फ्रेमच्या मध्ये निसटतो. २४० फ्रेमवर तेवढ्याच वेळात पन्नास-साठ चित्रं मिळतात. तुम्ही १० आणि ११.३० म्हणताय ते कितीवर टिपलं होतं?

दुसरी गोष्ट पालकांना सांगायला हवी. ३० फ्रेमचा व्हिडिओ एडिटिंग अ‍ॅपमध्ये घालून मंद केला की मधली चित्रं सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. बघायला ते गुळगुळीत दिसतं, पण त्यातला खांदा खऱ्या खांद्याच्या जागी असेलच असं नाही. त्यावर कोन मोजू नयेत. रेकॉर्ड करतानाच स्लो मोशन निवडलेलं असलं पाहिजे.

गंगापूररोड_एंड
२४० वरच होतं, सकाळी आठच्या उन्हात. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली एकदा करून पाहिलं होतं, तर चित्र लुकलुकत होतं आणि हात धुरकट दिसत होता.

फ्रेममोजे
बरोबर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला ते कळत नाही, २४० फ्रेमला कळतं. शिवाय प्रकाश कमी असला की प्रत्येक चित्र जास्त वेळ उघडं राहतं आणि हात पुसट होतो. ऊन हाच उपाय.

माजी_पंचवटी_एक्स्प्रेस
मी १९८० च्या दशकात नाशिकच्या मैदानांवर बॉलिंग केली आहे. मॅटिंगवर, कॅनव्हासचे बूट घालून, दिवसाला पंधरा-वीस ओव्हर. पाठ दुखतेय म्हणून कोणी रडलेलं मला आठवत नाही. आम्ही सायकलवर मैदानात जायचो, विहिरीचं पाणी शेंदायचो, अंग तयार होतं. आताची मुलं दिवसभर खुर्चीत बसतात आणि संध्याकाळी थेट नेटमध्ये उभी राहतात. अ‍ॅक्शनला हात लावू नका. पाठ आणि पोट मजबूत करा, बाकी देवाने दिलेलं असतं.

आणि एक विचारतो. या मुलाची पाठ दुखते का? मूळ पोस्टमध्ये तुम्ही ते लिहिलंच नाही.

गंगापूररोड_एंड
काका, तुम्ही नेमकं विचारलंत. मला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं. "पाठ धरते" असं तो दहा-बारा दिवसांपासून म्हणतोय. खाली, डावीकडे. बॉलिंगनंतर जास्त, सकाळी उठल्यावर काही नाही. मी स्ट्रेचिंग करायला सांगितलं होतं.

मणका_आणि_मी
धाग्याचा विषय इथे बाजूला ठेवते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, कॉलेज रोडला बसते.

१४ वर्षांचा, उजव्या हाताचा वेगवान बॉलर, दुखणं कमरेत डावीकडे, बॉलिंगने वाढतं आणि विश्रांतीने उतरतं. हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात पहिली शंका येते ती स्ट्रेस फ्रॅक्चरची, किंवा हाड त्या वाटेवर असल्याची. शंकाच म्हणतेय, निदान नाही. पण शंका आहे तोवर त्याची बॉलिंग आजपासून बंद. ड्रिल नको, अर्ध्या वेगाने नको, "फक्त सहा बॉल" सुद्धा नको.

डावीकडेच का, तेही सांगते. उजव्या हाताचा बॉलर चेंडू सोडताना डावीकडे झुकलेला असतो, मागून पुढे येता येता वळत असतो, आणि त्याच क्षणी पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट आघात येतो. कमरेच्या शेवटच्या मणक्यांच्या मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद पूल असतो, तो डावीकडचा या सगळ्यात चिमटतो. एका बॉलने काही होत नाही. हाड थोडं दमतं आणि रात्रीतून स्वतःला भरून काढतं. भरून येण्याआधीच पुन्हा चिमटा बसत राहिला की भेग पडते. या वयात ते हाड अजून पक्कं झालेलं नसतं.

पालकांना एक सांगा. त्याला डाव्या पायावर उभं करून हळूच मागे वाकायला लावलं आणि नेमकं तेच दुखणं आलं, तर हाडांच्या डॉक्टरकडे जायला उशीर करू नका. दुखलं नाही म्हणून मोकळं समजू नका, तरीही दाखवा. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका, सुरुवातीची अवस्था त्यात बऱ्याचदा दिसत नाही. एमआरआयमध्ये हाडातली सूज दिसते, भेग पडण्याआधीही.

इंदिरानगरची_आई
हे वाचून पोटात गोळा आला. माझा मुलगा १२ वर्षांचा आहे, बॅटिंग करतो, त्याचीही पाठ दुखते म्हणतो. पुल शॉटमुळे असेल का? त्याची बॅट त्याच्या मामाने दिली आहे, जरा मोठी आहे.

मणका_आणि_मी
ताई, मोठ्या बॅटने मुलं वाकून उभी राहतात, त्यामुळे स्नायू दुखू शकतात. बॅट उभी धरली की मूठ त्याच्या मांडीच्या वरच्या भागाशी यावी. पण मुलाची पाठ दोन आठवड्यांपेक्षा जास्त दुखत असेल तर कारण बॅटमध्ये शोधत बसू नका, दाखवून घ्या.

माजी_पंचवटी_एक्स्प्रेस
फिजिओबाई, तुमचा मान ठेवून विचारतो. मग आमच्या वेळी हे का होत नव्हतं?

मणका_आणि_मी
काका, होत होतं. डेनिस लिलीची पाठ १९७३ मध्ये वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात गेली, स्ट्रेस फ्रॅक्चरच होतं. तेव्हा एमआरआय नव्हता, म्हणून आपल्याकडे "लचक भरली", "वेग गेला" असं म्हणून कित्येक मुलं स्पिनर झाली किंवा खेळ सोडून गेली. जे टिकले ते तुम्हाला आठवतात.

पण तुमचं अर्धं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. तुमच्या पिढीचं अंग वर्षभर कामात असायचं. बॉलिंगही हळूहळू वाढायची, शिबिराच्या पहिल्या दिवशी एकदम कोसळायची नाही.

माजी_पंचवटी_एक्स्प्रेस
माझ्याबरोबर एक जण होता, माझ्यापेक्षा वेगवान. एका पावसाळ्यानंतर तो परत आलाच नाही. कमरेला पट्टा बांधून दुकानावर बसायचा. आम्ही त्याला आळशी म्हणायचो. चाळीस वर्षांत आज पहिल्यांदा त्याच्याबद्दल असा विचार केला.

उजवा_मध्यमगती
बुमराला काय झालं बघा. २०१९ मध्ये पाठीचं स्ट्रेस फ्रॅक्चर, २०२२ मध्ये पुन्हा पाठ, २०२३ मध्ये शस्त्रक्रिया. आमच्या सोसायटीतली निम्मी मुलं हात सरळ ताणून त्याच्यासारखी धावत येतात. चॅनेलवर आधी याच्यावर बोला.

सिडको_स्क्वेअरलेग
+१. आमचा धाकटा तर बोलायलाही लागला नव्हता तेव्हापासून प्लास्टिकच्या बॉलने तीच अ‍ॅक्शन करतो. आजीला वाटायचं खांदा निखळलाय.

गंगापूररोड_एंड
मुलाच्या वडिलांशी काल बोललो. मागे वाकल्यावर दुखलं. सोमवारी डॉक्टरांकडे जाणार आहेत. बॉलिंग बंद केली आहे. तो रडला, दहा दिवसांनी त्याची निवड चाचणी होती.

फलंदाज_नंतर_पालक
चाचणी देऊन मग दाखवता आलं नसतं का? दहाच दिवस. आम्हीही पालक आहोत, एक चाचणी हुकली की वर्ष जातं.

मणका_आणि_मी
नुसती सूज असताना थांबलं तर साधारण काही महिन्यांत मुलगा परत येतो. त्याच हाडावर दहा दिवस पूर्ण जोर लावून पूर्ण भेग पडली तर जास्त महिने जातात, आणि कधीकधी ती भेग नीट जुळतही नाही. वर्ष वाचवायचं असेल तर चाचणी सोडणं हाच मार्ग आहे.

फलंदाज_नंतर_पालक
पटलं. तरी त्या मुलासाठी वाईट वाटतं.

वहीवाली
मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे. सगळे अ‍ॅक्शनवर बोलत आहेत, मला एक साधी गोष्ट विचारायची आहे. त्याने गेल्या सहा आठवड्यांत एकूण किती बॉल टाकले? फक्त तुमच्या नेटमध्ये नाही, सगळीकडे मिळून. आणि दिवाळीपासून तो किती उंच झाला?

गंगापूररोड_एंड
वहीवाली, तुमच्या प्रश्नावर दोन संध्याकाळी गेल्या. त्याला, त्याच्या आईला आणि शाळेतल्या सरांना विचारून जुळवलं.

मार्चमध्ये परीक्षा, तीन आठवडे शून्य बॉल. एप्रिलच्या पहिल्या सोमवारपासून उन्हाळी शिबिर, आठवड्यातले पाच दिवस, रोज नेटमध्ये साधारण ६० बॉल. ते झाले ३००. शनिवारी सामना, ८ ओव्हर, म्हणजे ४८. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते असं की रविवारी तो सिडकोत मोठ्या मुलांबरोबर टेनिस बॉलच्या स्पर्धा खेळतो. चार सामने, प्रत्येकात दोन ओव्हर, पूर्ण जोर लावून, सिमेंटवर. आणखी ४८. आठवड्याला जवळजवळ ४०० बॉल, सुट्टीचा एकही दिवस नाही, आणि त्याआधी तीन आठवडे काहीच नाही. दुखणं चौथ्या आठवड्यात सुरू झालं.

उंची दिवाळीपासून ७ सेंटीमीटर वाढली आहे. आई म्हणाली, शाळेची पँट दोनदा उसवून लांब केली.

वहीवाली
हेच बघायचं होतं. इंग्लंडच्या बोर्डाने वेगवान मुलांसाठी मर्यादा घातल्या आहेत. १३ वर्षांखाली एका स्पेलमध्ये ५ ओव्हर आणि दिवसात १०, तर १४-१५ च्या गटात ६ आणि १२. स्पेल संपला की त्याच टोकाकडून तेवढ्याच ओव्हर जाईपर्यंत तो परत बॉलिंगला येत नाही. त्या हिशेबाने तुमचा मुलगा कुठल्याही एका दिवशी मर्यादेच्या आतच होता. १२ ओव्हर म्हणजे ७२ बॉल, तो ६० टाकत होता. रोजचा आकडा ठीक दिसतो आणि आठवडा बघितला की घाबरायला होतं. शून्यावरून थेट ४००.

मी शाळेत प्रत्येक वेगवान मुलाला शंभर पानी वही देते. तारीख, बॉल, कुठे, कुठला बॉल, पाठ-गुडघा-टाच कशी आहे. टेनिस बॉलही लिहायचा. मुलं पहिला आठवडा लिहितात, मग विसरतात, मग मी सामन्याआधी वही मागते आणि पुन्हा लिहायला लागतात.

सिडको_स्क्वेअरलेग
टेनिस बॉल तर हलका असतो. तोही धरायचा?

वहीवाली
हातातला चेंडू हलका, पण पाय तेवढ्याच जोराने आपटतो आणि पाठ तेवढीच वळते. उलट टेनिस बॉल हलका असल्याने वेग काढायला मुलं जास्त झटका देतात. आणि सिमेंटवर खिळ्यांचे बूट चालत नाहीत, साधे बूट घालून पुढचा पाय दणकन थांबतो.

गोदाकाठचा_कोच
उशिरा आलो, सगळं वाचून लिहितो. अनेक वर्षं मुलांना शिकवतोय.

मूळ प्रश्न अ‍ॅक्शनचा होता. माझं म्हणणं असं की पाय जसा पडतो तसा पडू द्यायचा आणि वरचं शरीर त्याच्याशी जुळवायचं. पायाचा अंगठा बॅट्समनकडे आहे ना? मग छातीही तिकडेच राहू दे, खांदा दाखवायची गरज नाही. पायाचा कोन बदलायला गेलात तर रनअप, उडी, सगळंच मोडतं आणि मुलगा वाइड टाकायला लागतो.

ड्रिल असं. रनअप नाही. मागचा पाय नेहमी पडतो त्याच कोनात खडूच्या खुणेवर ठेवायचा, वजन त्याच्यावर. डावा हात सरळ समोर वर, ऑफ स्टंपच्या दिशेने, अंगावरून फाइन लेगकडे न्यायचा नाही. तुमच्या जुन्या व्हिडिओतला पीळ तिथूनच येतो. तो हात आडवा गेला की खांदा त्याच्यामागे जातोच. डोकं स्थिर. मग एकच पाऊल टाकून बॉल सोडायचा, अर्ध्या जोराने. ते जमलं की तीन पावलं चालत येऊन, मग पाच पावलं हलकं धावत. प्रत्येक पायरीवर पुन्हा जिन्यावरून शूट करायचं. खांदा १० वरून फार तर १०.३० पर्यंत गेला तर पुढची पायरी. तो परत ११ च्या पुढे गेला की एक पायरी मागे. यात बॉल मोजकेच, एका वेळी दोन-तीन ओव्हर. आणि हे पाठ दुखणाऱ्या मुलासाठी नाही, हे पहिल्या वाक्यात सांगा.

दोन आठवड्यांत झालं असं वाटेल. सामन्यात पहिला चौकार बसला की जुनी अ‍ॅक्शन परत येईल. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने लागतात, कारण तेव्हा सामने नसतात. फक्त पावसाळ्यात हॉलमध्ये सिमेंटवर पातळ मॅट टाकून करू नका, खाली रबरी मॅट हवी.

मणका_आणि_मी
ड्रिल छान सांगितलंत. एक भर घालते, थोडं वेगळं मत आहे. खांद्यांचा पीळ कमी झाला म्हणजे पाठ सुरक्षित झाली असं मी म्हणणार नाही. ३०-४० अंशांच्या वरचा पीळ आणि पाठीची दुखापत यांचा संबंध जुन्या अभ्यासांत आला, पण अलीकडे लक्ष चेंडू सोडतानाच्या बाजूला झुकण्याकडेही गेलंय. ते जिन्यावरून दिसत नाही. त्यासाठी समोरून, बॅट्समनच्या मागून, जाळीबाहेरून शूट करावं लागतं. डोकं पुढच्या पायाच्या किती बाहेर जातं ते बघा.

गोदाकाठचा_कोच
बघतो मीही. पण बाई, बाजूला झुकणं पूर्ण काढलं तर वेग जातो. वेगवान बॉलर थोडा झुकणारच.

मणका_आणि_मी
हो, आणि किती झुकणं जास्त याची रेघ मलाही आखता येत नाही. प्रत्येक मुलाचं अंग वेगळं. म्हणूनच बॉल मोजणं मला अ‍ॅक्शनपेक्षा आधी वाटतं, तो आकडा आपल्या हातात आहे.

गोदाकाठचा_कोच
इथे आपलं जमणार नाही. खराब अ‍ॅक्शनने कमी बॉल टाकले तरी पाठ जाते असं मी पाहिलंय.

उजवा_मध्यमगती
मी पाहिलंय की चांगल्या अ‍ॅक्शनच्या मुलाचीही जाते.

गंगापूररोड_एंड
निकाल आला. कमरेच्या पाचव्या मणक्यात डावीकडे हाडात सूज, भेग नाही. एक्स-रे स्वच्छ होता, एमआरआयमध्ये दिसलं. डॉक्टरांनी तीन महिने बॉलिंग पूर्ण बंद सांगितली आहे, मग पुन्हा तपासून ठरवतील. बॅटिंगसुद्धा पहिले काही आठवडे नाही. पोट-पाठीचे व्यायाम फिजिओ देतील तेवढेच.

त्याला मी स्कोअर लिहायला बसवलंय. काल त्याने स्वतःहून शेजारच्या नेटमधल्या एका मुलाला सांगितलं, "तुझा हात आडवा जातोय."

माजी_पंचवटी_एक्स्प्रेस
भेग नाही हे वाचून बरं वाटलं. त्याला माझा आशीर्वाद सांगा. आणि त्याला चालायला लावा, रोज.

फ्रेममोजे
जुन्या व्हिडिओचं काय ठरलं?

गंगापूररोड_एंड
मित्राचं म्हणणं आहे की काढू नये, वर्णनात सूचना टाकावी, कारण साइड-ऑन मुलांना तो उपयोगी आहे. मला वाटतं सूचना कोणी वाचत नाही. मुलं मधून सुरू करतात, ड्रिल बघतात आणि बंद करतात.

इंदिरानगरची_आई
खरंय. माझा मुलगा कधीच सुरुवातीपासून बघत नाही.

वहीवाली
काढा आणि नवा करा. त्यात तोच ड्रिल दोन मुलांवर दाखवा, एक साइड-ऑन पाय टाकणारा, एक समोर पाय टाकणारा. जिन्यावरून, दोघांचं चित्र शेजारी शेजारी. मुलाने आधी स्वतःचा पाय ओळखायचा, मग खांद्याकडे वळायचं. ओल्या मातीवर किंवा चुना टाकून पायाचा ठसा घेतला की कोन आपोआप दिसतो, मोबाइलही लागत नाही.

आणि मुलांचे चेहरे दाखवता तेव्हा पालकांची लेखी परवानगी घेता ना? दुखापत झालेल्या मुलाचा तर अजिबात दाखवू नका. त्याची पाठ गावभर झाली की निवडीच्या वेळी लोक तेच बोलतात.

गंगापूररोड_एंड
तोंडी घेत होतो. लेखी घेईन. या मुलाचं चित्रीकरण वापरणार नाही, ती अ‍ॅक्शन मी स्वतः करून दाखवीन, चालत.

जुना व्हिडिओ आज काढला. मित्र थोडा नाराज आहे, पण नव्याच्या शूटिंगला येतोय. ठशाची कल्पना घेतली. व्हिडिओ कुठूनही सुरू केला तरी वाचता यावं म्हणून ड्रिल चालू असताना पडद्यावर पूर्ण वेळ एकच ओळ ठेवतोय: पाठ दुखत असेल तर हे करू नका, दाखवून घ्या. ड्रिलच्या शेवटी वहीचं एक पान भरून दाखवणार आहे, टेनिस बॉलच्या रकान्यासकट.

सातपूरचा_अंपायर
सामन्याच्या दिवशी स्पेल मोजायचं काम आम्ही अंपायर करू शकतो. आमच्या स्थानिक स्पर्धेत तसा नियम नाही, पण स्कोअररला सांगून सहा ओव्हर झाल्यावर कर्णधाराला आठवण करून देईन. ऐकलं नाही तर मला अडवता येणार नाही, हेही खरं.

गोदाकाठचा_कोच
आमच्या मुलांच्या सामन्यांना तुम्ही असाल तर जरूर सांगा. मी ऐकीन.

ओझरहून_रोज
नवी सदस्य. माझी मुलगी १३ वर्षांची, डावखुरी वेगवान. गच्चीवरून शूट केलं. तिचा उजवा खांदा २ वरून १२.३० ला जातोय. घड्याळ उलटं वाचायचं का?

गंगापूररोड_एंड
हो, डावखुऱ्यांसाठी आरशातलं घड्याळ. २ वरून १२.३० म्हणजे तिचाही पीळ ४५ अंशांचा झाला. कितीवर टिपलंय, साध्या की स्लो मोशनवर? तिला कमरेत उजवीकडे काही दुखतं का, आणि गेल्या महिन्यात तिने किती बॉल टाकले, हे आधी सांगा. ड्रिलचं नंतर बघू.

ओझरहून_रोज
स्लो मोशनवरच. दुखत नाही म्हणते. बॉल मोजले नाहीत. आजपासून मोजते.